बीजीव्ही, म्हणजे बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन, अडकलंय, जॉइनिंग पुढं ढकललं. एचआरला नेमकं काय लिहायचं?

शिरोली_क्यूसी: हिंजवडीच्या कंपनीत १ तारखेला जॉइनिंग होतं. २९ ला मेल आला: आधीच्या नोकरीचा चेक Insufficient, जॉइनिंगची तारीख नंतर कळवू. अर्जात शिरोलीच्या फाउंड्रीचं नाव टाकलंय (५ जुलै २०२१ ते २० नोव्हेंबर २०२३), काम तिथंच केलं, पण पगार लेबर कॉन्ट्रॅक्टरकडून यायचा. २७ नोव्हेंबरपासून गोकुळ शिरगावात होतो, तिथलं रिलीव्हिंग झालंय. एचआरला असा मेसेज लिहिलाय: "सर, व्हेरिफिकेशनला उशीर होतोय, कृपया लवकरात लवकर करावे." पाठवू का?

पगारपत्रक: पाठवू नका. त्या वाक्यात एचआरला करण्यासारखं काहीच नाही. Insufficient म्हणजे चेक तुमच्याकडून काहीतरी यायचंय म्हणून थांबलाय. व्हेरिफिकेशन करणारी एजन्सी तुमच्या उत्तराची वाट बघतेय, तुम्ही तिची बघताय.

घोळ नावात आहे. एजन्सी फाउंड्रीच्या एचआरला विचारणार, तिथला माणूस हजेरीच्या यादीत नाव शोधणार आणि "आमच्या रेकॉर्डला नाही" म्हणणार. तो खोटं बोलत नाही, कंत्राटी माणसं त्याच्या यादीत नसतातच. हेच उत्तर लेखी गेलं तर शेरा Unable to verify किंवा थेट तफावत असा पडतो, आणि मग नुसता उशीर उरत नाही. म्हणून आजच सांगा की पगार देणारी संस्था कंत्राटदाराची होती आणि कामाची जागा फाउंड्री.

तिकटीचा_कट्टा: अजिबात सांगू नका ओ! एकदा नाव टाकलंय, आता आपल्याच हातानं बदललं की "आधी खोटी माहिती दिली" असा अर्थ निघतो. फाउंड्रीतल्या ओळखीच्या सुपरवायझरला फोन करा, एजन्सीचा कॉल आला की 'हो, होता' म्हणू दे. विषय संपला.

पगारपत्रक: कट्टेकर, विषय तिथं संपत नाही, तिथून वाढतो. एजन्सी उमेदवारानं दिलेल्या मोबाईलवरचं उत्तर सहसा धरत नाही. कंपनीच्या अधिकृत मेलवरून उत्तर लागतं, नाहीतर लेटरहेडवर सही-शिक्का. दुसरं, पीएफचा यूएएन नंबर दिलाय ना? मेंबर पोर्टलवर View मध्ये Service History उघडा. तिथं फाउंड्रीचं नाव दिसणार नाही, कंत्राटदाराचं दिसेल. हेच पान एजन्सी मागणार. सुपरवायझर 'हो' म्हणाला आणि पीएफ 'नाही' म्हणाला, तर पीएफचंच खरं धरतात, आणि शिवाय सुपरवायझरला कुणी पढवलं हा प्रश्न उरतो.

राजारामपुरी_७वी_गल्ली: पोलीस व्हेरिफिकेशन असेल तर थेट ठाण्यात जाऊन पाठपुरावा करा. माझं असंच अडकलं होतं, पत्त्यात गल्लीचा नंबर राहिला होता.

पगारपत्रक: ताई, यांचा पत्त्याचा किंवा पोलिसांचा चेक अडलेला नाही, नोकरीचा अडलाय. ठाण्यात गेले तरी हा चेक हलणार नाही.

पीएफ_भावा: एक बघ भावा, त्या Service History मध्ये कंत्राटदाराच्या ओळीपुढं सोडल्याची तारीख कोरी असणार. लई जण तिथंच अडकतात. Manage मध्ये Mark Exit आहे, आधारच्या ओटीपीनं स्वतःच भरता येतं, कंत्राटदाराच्या मागं फिरायला नको. महिनाअखेर टाक, ३० नोव्हेंबर, सोपं जातं.

शिरोली_क्यूसी: बघितलं. तारीख खरंच कोरी आहे.

पगारपत्रक: रस्ता बरोबर, तारीख चुकीची. शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिने झाल्यावरच सभासदाला ती सोय मिळते, यांचं ते कधीच झालंय. पण ३० टाकली तर २७ ते ३० नोव्हेंबर हे चार दिवस दोन्हीकडं नोकरी दिसेल, आणि एकाच वेळी दोन नोकऱ्या म्हणजे एजन्सीच्या नजरेत सगळ्यात वाईट गोष्ट. २० नोव्हेंबरच टाका, अर्जातही तीच आहे. ओटीपी टाकण्याआधी तारीख दोनदा वाचा, नंतर ती बदलून घेणं त्रासाचं असतं. तारीख कोरी ठेवली तरी अजून तिथंच आहात असं दिसतं.

मग कागद. कंत्राटदाराच्या लेटरहेडवर एक पत्र: नाव, पद, दोन्ही तारखा, आणि 'अमुक फाउंड्रीच्या आवारात काम करत होते' ही ओळ. ती ओळ नसेल तर पत्राचा अर्धा उपयोग जातो. पत्र मिळेपर्यंत त्या काळातलं बँक स्टेटमेंट जोडा, पगार जमा झालेल्या ओळींत कंत्राटदाराचं नाव असतं. फाउंड्रीचा गेटपास जपून ठेवला असेल तर त्याचा फोटो सोन्यासारखा.

एचआर_टेबलापलीकडून: भरती मी बघते, म्हणून मेसेजबद्दल सांगते. आम्हाला दिवसाला शंभर "कृपया लवकर करावे" येतात. असा लिहा, इंग्रजीत करून:

"उमेदवार क्रमांक अमुक, ठरलेली जॉइनिंग १ तारीख. शिरोली येथील कालावधीत माझी नेमणूक कंत्राटदाराकडे होती, कामाची जागा फाउंड्री होती. अर्जात फक्त फाउंड्रीचं नाव लिहिलं, ही माझी चूक. सोबत पीएफ सेवा तपशील आणि बँक स्टेटमेंट. कंत्राटदाराचं पत्र गुरुवारपर्यंत देतो. हा चेक कंत्राटदाराच्या नावे पुन्हा सुरू करावा आणि जॉइनिंगची सुधारित तारीख कळवावी."

आधीच्याच मेलला उत्तर म्हणून पाठवा. नवीन मेल काढला की तो एजन्सीच्या केसला जोडला जात नाही. आणि तेच कागद एजन्सीच्या पोर्टलवरही चढवा, नुसते एचआरकडं पडून राहतात. सोबत विचारा की हमीपत्रावर जॉइन करून घेता का. बऱ्याच कंपन्या घेतात.

तिकटीचा_कट्टा: आणि नंतर शेरा लाल आला की त्याच हमीपत्रावर बाहेर! पुण्यात खोली घेतली, डिपॉझिट भरलं, मग काय? मी म्हणतो चेक हिरवा झाल्याशिवाय कोल्हापूर सोडू नये.

एचआर_टेबलापलीकडून: तो धोका आहे, नाकारत नाही. पण घरी बसून पगार बुडतो तोही धोकाच.

पगारपत्रक: इथं मी कट्टेकरांच्या बाजूचा. कंत्राटदाराचं पत्र हातात असेल तर हमीपत्र द्यावं, नसेल तर थांबावं. गोकुळ शिरगावच्या जुन्या साहेबांना पंधरा दिवस परत घेता का विचारायला हरकत नाही, पण मग तिथल्या रिलीव्हिंगची तारीख बदलेल आणि ती नव्या कंपनीलाही कळवावी लागेल.

पीएफ_भावा: कंत्राटदाराकडं सोमवारी जाऊ नको, एमआयडीसीला सुट्टी. एजन्सीवाल्यांनाही हे सांग, पुण्यातनं सोमवारी फोन लावतात आणि 'प्रतिसाद नाही' लिहून मोकळे होतात.

शिरोली_क्यूसी: २० टाकली. कंत्राटदाराचा अकाउंटंट म्हणतोय मंगळवारी ये, पण लेटरहेड संपलेत, साध्या कागदावर शिक्का मारून देतो. चालेल का?

पगारपत्रक: शिक्क्यात पूर्ण नाव-पत्ता असेल आणि त्यांच्या पीएफ कोडचा नंबर वर लिहिला असेल तर बघतात. नाहीतर झेरॉक्सच्या दुकानात लेटरहेड छापून न्या म्हणावं, दहा मिनिटांचं काम आहे.

एचआर_टेबलापलीकडून: छापून त्यांनी न्यायचं, तुम्ही नाही. तुमच्याकडून आलेल्या लेटरहेडवरचं पत्र मी स्वतः परत पाठवलं असतं.