गाडीचं बटण गेटला चालत नाही

> "गेट गाडीतल्या बटणाने उघडावं म्हणून गेटच्या रिमोटवरून त्या बटणाला शिकवलं, लाईट पण भराभर लुकलुकून मग स्थिर झाली, तरी गेट ढिम्म."

अहो ती लुकलुकच सांगते की तुमचा रिमोट रोलिंग कोडवाला आहे, दर दाबाला कोड बदलतो, म्हणून नुसती नक्कल चालत नाही, मोटरलाही गाडीची ओळख करून द्यावी लागते. आमच्या मुलुंडच्या गेटला मी हेच केलं, मोटरच्या डब्यावरचं लर्न बटण एकदा दाबून सोडलं, मग गाडीतलं बटण दाबायला साधारण ३० सेकंद मिळतात, म्हणून भाऊ आधीच गाडीत बसला होता, त्याने ते बटण २ सेकंद धरून सोडलं, असं परत परत केलं, तिसऱ्यांदा गेट हललं. लर्न मात्र धरून ठेवू नका, बऱ्याच मोटरमध्ये त्याने सगळेच रिमोट पुसले जातात.