यादीत तारखेपुढे परिणामही लिहा

> "करसल्लागाराशी झालेल्या बोलण्याच्या रेकॉर्डिंगमधून लागणारे कागद आणि तारखा यादीत वेगळ्या काढल्या, आणखी काय लिहावं?"

तारीख चुकली तर काय होतं, तेही लिहा. बोलण्यात सगळ्या तारखा सारख्याच वाटतात, पण तशा नसतात. घणसोलीत महिना 18,000 भाडं भरणाऱ्या माझ्या मित्राची जुन्या करप्रणालीची यादी करताना हे नीट दिसलं. वर्षाचं भाडं 2,16,000, म्हणजे 1 लाखाच्या वर, म्हणून पावत्यांसोबत घरमालकाचा पॅनही हवा. हे कंपनीला साधारण जानेवारीत द्यायचं. राहिलं तर फेब्रुवारी-मार्चच्या पगारातून जास्त टीडीएस कापला जातो, पण घरभाडे भत्त्याची सूट रिटर्नमध्ये मागून परतावा मिळतो. पीपीएफचे पैसे मात्र 31 मार्चच्या आत भरलेलेच हवेत, नंतर त्या वर्षासाठी काही करता येत नाही.

सर्वांत कडक तारीख रिटर्नची, एरवी 31 जुलै. ती उलटली की नोकरदाराला त्या वर्षासाठी जुनी प्रणाली निवडताच येत नाही आणि भाड्याची सूटही जाते. मुदतवाढ मिळते कधीकधी, म्हणून सल्लागार "बघू" म्हणाले असतील तरी यादीत मूळ तारीखच ठेवा. आणि रेकॉर्डिंग कोणत्या आर्थिक वर्षाबद्दल आहे, ते वर ठळक लिहा.