मदत हवी आहे: प्लांट हेडची सही चालते की नाही?

महापे_अकाउंट्स: ऑडिटर उद्या येतोय, लवकर सांगा. बजेटला जोडलेल्या अधिकारांच्या तक्त्यात विभागप्रमुख 50 हजार, प्लांट हेड 3 लाख, डायरेक्टर 10 लाख, त्यावर बोर्ड असं आहे. कॉम्प्रेसरच्या ओव्हरहॉलचा पीओ 2,80,000 चा, सही प्लांट हेडची. ऑडिटर म्हणतो अधिकाराबाहेर. कसं काय?

कॉस्टवाली: जीएसटी धरून की सोडून? 18 टक्के लावले तर 3,30,400 होतात.

महापे_अकाउंट्स: सोडून. तक्त्यात कराबद्दल काहीच नाही.

कॉस्टवाली: मग काळजी नको. क्रेडिट मिळतंय म्हणजे कर हा खर्चच नाही.

निवृत्त_लेखाधिकारी: क्रेडिट मिळतं म्हणून खर्च कमी होतो हे बरोबर, पण अधिकार तक्त्यातल्या शब्दांवर ठरतो. तिथे 'ऑर्डरची रक्कम' लिहिलंय की 'खर्च'? आणि बिल नेमकं किती रुपयांचं आलं?

महापे_अकाउंट्स: 'एका व्यवहारासाठी' एवढंच लिहिलंय. बिल 3,25,000 अधिक कर. मशीन उघडल्यावर बेअरिंग खराब निघाले, म्हणून 45,000 ची अमेंडमेंट काढली. तीही प्लांट हेडनेच सही केली, 45 हजार तर त्यांच्या मर्यादेत आहेत ना!

निवृत्त_लेखाधिकारी: हे आधी सांगायचं होतं. अमेंडमेंटची मंजुरी वाढीव रकमेवरून ठरत नाही, सुधारलेल्या एकूण रकमेवरून ठरते. 3,25,000 झाले त्या क्षणी फाइल डायरेक्टरांकडे जायला हवी होती. कर धरा किंवा सोडा, हे बदलत नाही.

तुर्भे_स्टोअर्स: एवढं कशाला? अमेंडमेंट रद्द करून बेअरिंगचा वेगळा पीओ काढा. आम्ही नेहमी तेच करतो.

निवृत्त_लेखाधिकारी: तेच करू नका. तोच पुरवठादार, तेच मशीन, आठवड्याच्या आत दोन पीओ, दोन्ही मर्यादेच्या जरा खाली. ऑडिटर पहिल्यांदा हेच शोधतो. आम्हाला सरकारी खात्यातही खरेदीचे तुकडे पाडायला मनाई होती.

तुर्भे_स्टोअर्स: सरकारी नियम खासगी कंपनीला लागत नाहीत.

निवृत्त_लेखाधिकारी: नाहीत. पण तुमच्या बोर्डाने मंजूर केलेला तक्ता लागतोच.

घोडबंदरकर: आमच्या सोसायटीत सेक्रेटरीने लिफ्टचं काम परस्पर दिलं. त्याला काढता येईल का?

कॉस्टवाली: त्याचा वेगळा धागा काढा. महापे, ही रक्कम बजेटमध्ये होती का?

महापे_अकाउंट्स: दुरुस्तीच्या शीर्षात शिल्लक आहे.

निवृत्त_लेखाधिकारी: शिल्लक म्हणजे पैसे आहेत, सहीचा अधिकार नव्हे. डायरेक्टरांकडून कार्योत्तर मंजुरी घ्या. टिपणीत मशीन कधी उघडलं, बेअरिंगचा अहवाल, कोटेशन आणि थांबलो असतो तर उत्पादन किती अडलं असतं ते लिहा. आजचीच तारीख टाका, मागची नको.

महापे_अकाउंट्स: डायरेक्टर सोमवारपर्यंत बाहेर आहेत. ईमेलवर मंजुरी चालेल का?

कॉस्टवाली: आमच्याकडे चालते. नंतर प्रिंट काढून सही घेतो.

निवृत्त_लेखाधिकारी: तुमच्या तक्त्याखाली ईमेलबद्दल टीप आहे का, ते बघा.

महापे_अकाउंट्स: टीप नाही. ईमेल पाठवतोय. कराचं मात्र अजून अडलंय, पुढच्या बजेटच्या तक्त्यात 'कर वगळून' घालायचं की 'कर धरून'?