मदत हवी आहे: ८ मिमी सळई आलीच नाही, शनिवारची साइट भेट क्लायंटला कशी पुढे ढकलायला सांगू?

सेंट्रिंग_लेव्हल: घराचा पहिला स्लॅब आहे, साधारण ६० चौरस मीटर. कॉंक्रीट पडण्याआधी बांधलेलं लोखंड स्वतः बघायचं म्हणून क्लायंटने शनिवारची सुट्टी काढली आहे. आरएमसी रविवारी सांगून ठेवलंय. सेंट्रिंग तयार आहे, १०, १२ आणि १६ मिमी साइटवर पडलंय. पण ८ मिमीची सळई, सुमारे ३०० किलो, बुधवारी यायची ती आज गुरुवारी संध्याकाळपर्यंत आलेली नाही. दुकानदार म्हणतो, "उद्या नक्की निघेल." क्लायंटला आत्ताच सांगू की उद्या गाडीची वाट बघू? नवी तारीख कुठली देऊ?

कॉंक्रीटप्रेमी: शनिवारी येऊ द्या की. सेंट्रिंग दाखवा, बाकीचं लोखंड दाखवा. उगाच रद्द कशाला?

ओळंबा: सेंट्रिंगची लेव्हल दाखवायला हरकत नाही, पण त्यांना बघायचंय ते बांधलेलं लोखंड, आणि ते शनिवारी नसणारच. ८ मिमीशिवाय रिंगा नाहीत. रिंगा नाहीत म्हणजे बीमचे सांगाडे उभे राहत नाहीत, आणि बीम बसल्याशिवाय स्लॅबचं जाळं पसरता येत नाही. क्लायंटला मात्र ढीगभर लोखंड समोर दिसेल आणि तो विचारेल, "एवढं आलंय तर काम का थांबलंय?" म्हणून निरोपात हे एका वाक्यात यायलाच हवं.

आज रात्रीच फोन करा. उद्या संध्याकाळी गाडी आली तरी शनिवार हातचा गेलेलाच आहे. हिशेब करा: रिंगा कापून वाकवायला अर्धा दिवस, बीम आणि जाळं बांधायला दीड ते दोन दिवस, मग विजेचे पाइप आणि कव्हर ब्लॉक, त्यानंतर इंजिनियरची तपासणी. म्हणजे माल उतरल्यापासून किमान तीन पूर्ण दिवस, भेट चौथ्या दिवशी, आणि ओतणं त्यानंतर. मधला एक दिवस दुरुस्तीसाठी मोकळा ठेवा, कारण तपासणीत रिंगांचं अंतर चुकलेलं निघतंच.

नवी_वीट: मग "पुढच्या बुधवारी या" असं सांगितलं तर चालेल?

ओळंबा: गाडी निघाली नाही तोवर वार सांगूच नका. दुसऱ्यांदा तारीख हुकली की पुढचं काहीच पटत नाही. "माल उतरल्यापासून चौथ्या दिवशी" असं सांगा, आणि पुढची खबर केव्हा देणार ती वेळ मात्र ठरवून द्या. आधी फोन, मग लगेच लेखी निरोप. असा काहीसा:

"नमस्कार. शनिवारची भेट पुढे ढकलावी लागत आहे, क्षमस्व. ८ मिमीची सळई अजून आली नाही. बीमच्या रिंगा त्याच सळईच्या असल्याने बाकी माल असूनही बांधणी सुरू करता येत नाही. रविवारचं कॉंक्रीटही थांबवलं आहे. गाडी भरली का, हे उद्या संध्याकाळी ६ वाजता कळवतो. माल उतरल्यावर चौथ्या दिवशी भेट ठेवू. तुम्ही बघितल्याशिवाय कॉंक्रीट ओतणार नाही."

शेवटचं वाक्य गाळू नका, क्लायंटची खरी काळजी तीच असते. आणि "कॉंक्रीट थांबवलं आहे" हे लिहिण्याआधी प्लांटला आणि पंपवाल्याला खरंच फोन करा.

फरशीवाला: आमच्याकडेही हेच, निवडलेल्या टाइल्स आल्या नाहीत. दुसऱ्या लॉटच्या घेऊन लावाव्यात का?

ओळंबा: तुमचा प्रश्न वेगळा आहे. लॉट बदलला की छटा बदलते, क्लायंटला नमुना दाखवल्याशिवाय लावू नका. नवा धागा काढा.

कॉंक्रीटप्रेमी: १० मिमी पडलंय ना? त्याच्याच रिंगा करा, जाड म्हणजे मजबूतच. भेट टळणार नाही.

गणिती: अर्धं बरोबर. ८ मिमी १५० मिमी अंतरावर म्हणजे स्लॅबच्या मीटरभर रुंदीत ३३५ चौरस मिमी लोखंड, १० मिमी २३० वर घेतलं तरी जवळपास तेवढंच येतं. पण अंतराला कमाल मर्यादा असते, आणि १० मिमीची रिंग अरुंद बीममध्ये वाकवली की कोपरे जाड होतात, कव्हर कमी पडतं. बदल इंजिनियरने लिहून दिला तरच करा. शिवाय तुमचं १० मिमी स्लॅबच्या मुख्य सळईसाठी मोजून आणलं असेल, ते रिंगांत गेलं तर तिकडे कमी पडेल.

सेंट्रिंग_लेव्हल: बरोबर, १० मिमी जेमतेमच आहे. फोन केला, निरोप पाठवला. त्यांनी विचारलं, सेंट्रिंगच्या प्लेटांचं वाढीव दिवसांचं भाडं कोण देणार? करारात याबद्दल एक शब्द नाही.

ओळंबा: माल तुम्ही पुरवायचा असेल तर सहसा तुमच्याच अंगावर येतं.

गणिती: सरसकट नाही. ऑर्डर उशिरा का गेली ते बघा. आराखड्यातला बदल क्लायंटकडून उशिरा आला असेल तर गणित फिरतं. ऑर्डरची आणि मंजुरीची तारीख काय आहे?