मदत हवी आहे: तिकीट एका कंपनीचं, विमान दुसरीचं, जादा बॅगेचे पैसे कुठे भरायचे?

आई-बाबा पुढच्या महिन्यात मुंबई-फ्रँकफर्ट-शिकागो येत आहेत. तिकीट एकच, अमेरिकी कंपनीच्या साइटवरून काढलेलं आणि दोन्ही फ्लाइट नंबर तिचेच. पण मुंबईहून निघणाऱ्या फ्लाइटखाली बारीक अक्षरात ‘Operated by’ म्हणून जर्मन कंपनीचं नाव आहे.

ई-तिकिटावर प्रत्येकी 2PC, म्हणजे 23 किलोच्या दोन बॅगा. त्याबद्दल शंका नाही. अमेरिकेला येणाऱ्या प्रवासात पहिल्या फ्लाइटचा नंबर ज्या कंपनीचा, तिचेच चेक-इन बॅगेचे नियम शेवटपर्यंत लागतात, हे वाचलंय. चेक-इन काउंटर मात्र विमान चालवणाऱ्या कंपनीचं आणि केबिन बॅगेचं वजनही तीच बघणार, म्हणून हातातली बॅग 8 किलोतच बसवली आहे.

अडलंय तिसऱ्या बॅगेवर. (लोणचं, भाजणी... आई ऐकत नाही.) अमेरिकी कंपनीच्या साइटवर आधी पैसे भरायचा पर्यायच येत नाही. जर्मन कंपनीचा वेगळा PNR फोनवरून मिळवला, तिच्या साइटवर बुकिंग उघडतं, पण तिथला दर वेगळा दिसतो. दोन्हीकडे फोन केला, दोघांनी एकमेकांकडे बोट दाखवलं.

अशा तिकिटावर मुंबईहून कुणी जादा बॅग नेली आहे का? काउंटरवर दर कुठल्या कंपनीचा लावला, आणि आधी ऑनलाइन भरलेले पैसे तिथे दिसले का?