मदत हवी आहे: 'जीरावन' ही हाक आता मुलाला टोचतेय

आम्ही इंदूरला असतो. मुलगा सहावीत. डब्यातल्या पोह्यांवर भुरभुरायला जीरावन मसाल्याची पुडी न्यायचा, म्हणून मित्रांनी नाव ठेवलं 'जीरावन'. तोही त्यांना 'शेव', 'जिलेबी' म्हणायचा आणि घरी येऊन हसत सांगायचा.

दिवाळीनंतर त्याचं 'काळं जीरावन' झालं. सवयीवरची चेष्टा रंगावर गेली. त्याने दोनदा "असं म्हणू नका" सांगितलं, तर ओळख नसलेली मुलंही ओरडू लागली. आता पुडी दप्तराच्या तळाशी पडून असते, पोहेही नको म्हणतो. नको सांगूनही चालू राहिलं, म्हणजे हद्द झालीच ना?

वर्गशिक्षिकांना भेटू, की आधी जुन्या दोन मित्रांशी बोलू? बाईंनी भर वर्गात विषय काढला तर आणखी चिडवतील, ही धास्ती आहे. तुमच्यापैकी कोणी काय केलं होतं?