मदत हवी आहे: डावी गोटी भयंकर दुखतेय, सकाळपर्यंत काय करू?

वारज्याचा_विन्या (पहाटे ३.४०)
लाज सोडून विचारतोय. सरळ उभं राहवत नाही. पेनकिलरने काही फरक नाही. जवळचा दवाखाना दहाला उघडतो. पटकन सांगा.

निवांत_काका
माझा मुतखडा अगदी तिथेच कळा मारायचा. कुळथाचं कढण घे, तांब्याभर पाणी पी.

जिम_पुणे३८
इन्फेक्शन असेल. मित्राला झालेलं, आठवडाभर गोळ्या घेतल्या, बरा झाला.

ओटी_सिस्टर
काका, पाणीसुद्धा नको, भूल द्यावी लागली तर पोट रिकामं हवं. विन्या, वय किती? कधी आणि कसं सुरू झालं? उलटी?

वारज्याचा_विन्या
२०. दीडला झोपेतून कळ येऊनच उठलो. दोनदा ओकलो. ताप नाही, लघवीला जळजळ नाही. गोटी वर ओढल्यासारखी, आडवी झालीये. दिवाळीत पण झालेलं, वीस मिनिटांत थांबलं.

ओटी_सिस्टर
आत्ता निघ. इन्फेक्शन सहसा हळूहळू चढतं. हे पीळ बसल्यासारखं वाटतंय. गोटी ज्या दोरीवर लोंबते तिच्यातूनच तिला रक्त मिळतं. पीळ बसला की ते बंद. सहा तासांत सोडवला तर बहुतेकदा वाचते, बारा तासांनंतर आशा झपाट्याने कमी होते. तुझे अडीच गेले. दहाची वाट बघितलीस तर साडेआठ होतील. दिवाळीत बहुधा पीळ बसून आपोआप सुटला असेल. वाटेत दुखणं थांबलं तरी परत फिरू नकोस, गोटी मेली तरी दुखणं कमी होतं. ससूनची कॅज्युअल्टी किंवा रात्री सर्जन असलेलं मोठं हॉस्पिटल गाठ. लाजून ‘पोट दुखतंय’ सांगशील तर तासभर बाकावर बसशील.

जिम_पुणे३८
आधी डॉप्लर सोनोग्राफी नको का? उगाच चिरतील. शिवाय हाताने उलटं फिरवून सुटतं म्हणे.

ओटी_सिस्टर
डॉप्लर लगेच होत असेल तर करतात. त्यासाठी तास जाणार असेल तर आमचे सर्जन सरळ उघडून बघतात. काहीच निघालं नाही तर एक टाक्याची खूण राहते, एवढंच. हाताने डॉक्टर फिरवतात, तेही पुढे ऑपरेशन करायचंच असतं. घरी चुकीच्या बाजूला फिरवलं तर पीळ वाढेल.

निवांत_काका
बाईकवर जाऊ नको, रिक्षा कर. कर्वे रोड आता रिकामा असेल, मेट्रोच्या कामात आमचे काय हाल झाले…

वारज्याचा_विन्या (संध्याकाळी ७.१०)
रूममेट लिहितोय. सकाळी सहाला ऑपरेशन झालं. दीड वेढा होता. काळीनिळी पडलेली, सोडवून गरम ओल्या कापडात ठेवली तेव्हा थोडा रंग आला. काढली नाही. पण उजवीलाही टाके घातलेत. त्याचे बाबा भडकलेत, चांगल्या बाजूला हात का लावला?

ओटी_सिस्टर
आतली सैल ठेवण बहुतेकदा दोन्हीकडे असते. उद्या तीही फिरली तर काय करणार? म्हणून दोन्ही शिवून ठेवतात.

वारज्याचा_विन्या
म्हणजे डावी वाचली ना नक्की? सर्जन म्हणतात, काही महिन्यांनी आकार बघू.

ओटी_सिस्टर
तेव्हाच कळेल. लहान होत गेली नाही तर वाचली.

निवांत_काका
आता कढण चालेल का?